संस्कृत वाचायला कुठलं पुस्तक घ्यावं? आधी एक चरण बोटांवर मोजा



रोज आपण एक श्लोक घेतो आणि त्याचा अर्थ बघतो. आज श्लोकाच्या अलीकडची गोष्ट बघू. तो श्लोक शुद्ध म्हणायचा कसा, आणि ज्याने शाळेत संस्कृत घेतलंच नव्हतं अशा मोठ्या माणसाने कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करायची?

गेले काही महिने मी आमच्या मंद्रूपच्या एका ताईबरोबर हाच अभ्यास करतोय. ताईची नोकरी पुण्यात, वय छत्तीस. घर आमच्या दक्षिण सोलापूर भागातल्या पुष्कळ घरांसारखं, म्हणजे अंगणात कन्नड आणि शाळेत मराठी. तिचे आप्पा रोज दिवेलागणीला स्तोत्रं म्हणायचे. आप्पा गेले, आणि त्यांची जीर्ण पोथी ताईकडे आली. तिला ती स्वतः म्हणायची होती. पण "या वयात जीभ वळत नसते, आणि आपल्या घरात संस्कृत कुणाला येतं? मोबाईलवर लाव आणि ऐक" असं तिला जवळच्याच माणसाने सुनावलं. तरी तिने तीन पुस्तकं आणली. तिन्ही तिसऱ्या-चौथ्या धड्यावर थांबली.

तिन्ही पुस्तकं वाईट नव्हती. ती तिच्या कामाची नव्हती, कारण तिची अडचण काय आहे हेच आधी कुणी बघितलं नव्हतं.

लिपी येते, तिथेच घोळ होतो

तमिळ किंवा इंग्रज माणूस संस्कृत शिकायला बसला की त्याला आधी देवनागरी शिकावी लागते. प्रत्येक अक्षराबरोबर त्याचा उच्चारही तो नव्याने शिकतो. आपल्याला ही अक्षरं पहिलीपासून येतात. म्हणून पुस्तकातलं वर्णमालेचं प्रकरण आपण दोन मिनिटांत उलटतो आणि थेट "रामः गच्छति" वर जातो. डोळ्यांसमोर संस्कृत असतं, पण जीभ त्याच अक्षरांचा मराठी उच्चार करत राहते. लिपी एक असली तरी वाचण्याचे नियम दोन आहेत, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यामुळे मराठी माणसासाठी पुस्तक निवडायची पहिली कसोटी अशी, की ते आपल्याला अक्षरापाशी थांबवतं का? दुसरी कसोटी, श्लोकातले शब्द ते सुटे करून दाखवतं का? व्याकरण किती दिलंय, हा प्रश्न तिसरा.

चार पुस्तकं, चार वेगळी कामं

पहिलं नाव पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचं. १८६७ साली सावंतवाडीकडच्या कोलगावात जन्मलेला हा माणूस शिक्षणाने चित्रकार. पुढे त्यांनी औंधला स्वाध्याय मंडळ उभं केलं आणि शंभरी पार करून १९६८ साली गेले. त्यांचं 'संस्कृत स्वयं-शिक्षक' हिंदीतून सहज मिळतं. घरी एकट्याने, शिक्षकाशिवाय शिकणारा मोठा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलंय. पहिल्या धड्यापासून लहान लहान वाक्यं, शब्दाखाली अर्थ, आणि रूपं पाठ करायची घाई नाही. आपल्यासारख्यांनी सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. त्याची उणीव म्हणजे ते अर्थाकडे लवकर नेतं आणि उच्चाराचं काम आपल्यावर सोडतं.

दुसरं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची 'मार्गोपदेशिका'. एकोणिसाव्या शतकातलं हे पुस्तक आजही छापलं जातं. हे मूळ इंग्रजीतून आहे. धडा म्हणजे नियम, मग शब्द, मग भाषांतराची वाक्यं. व्याकरणाचा पाया याइतका पक्का करणारी पुस्तकं थोडीच. पण ज्याला दोन महिन्यांत एक स्तोत्र नीट म्हणायचंय, तो यात दमतो. ताईच्या तिनांपैकी एक हेच होतं. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

तिसरं, बालभारतीचं नववी-दहावीचं 'आमोदः'. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येतं, आणि त्यातली सुभाषितं, गोष्टी सुरेख आहेत. पण शाळेचं पुस्तक वर्गात शिक्षक उभा आहे असं धरून लिहिलेलं असतं. घरी एकटं वाचताना पुढचं कळतं आणि मधलं सुटतं. सातवळेकरांचा पहिला भाग झाल्यावर वाचनाच्या सरावासाठी ते उत्तम.

चौथं, संस्कृत भारतीचं 'प्रवेशः' आणि त्यांची दहा दिवसांची, रोज दोन तासांची संभाषण शिबिरं. इथे कान तयार होतो, कारण समोर जिवंत माणूस बोलत असतो. मात्र इथे बोलायचं संस्कृत शिकवतात. श्लोकातले लांब जोडशब्द कसे फोडायचे, छंद कसा सांभाळायचा, हे त्यांचं मुख्य काम नाही.

याशिवाय एक पुस्तक असं, जे पाठ्यपुस्तक नाही पण शेजारी उघडं हवं. ज्यात प्रत्येक श्लोकाखाली पदच्छेद आणि अन्वय दिलाय अशी गीता. पदच्छेद म्हणजे संधी सोडवून सुटे केलेले शब्द, आणि अन्वय म्हणजे तेच शब्द गद्याच्या क्रमाने. गोरखपूरच्या गीताप्रेसने अशा आवृत्त्या घरोघरी पोचवल्या. शब्द कुठे तुटतो हे कळलं, की श्वास कुठे घ्यायचा तेही आपोआप कळतं.

आता मुख्य काम. पुस्तक कुठलंही घेतलंत तरी पहिला महिना पुढच्या रीतीने घालवा.

सरावाचा श्लोक

कुठल्याही ओळखीच्या स्तोत्रावर सराव केला की जुनी चाल आणि जुनी सवय आडवी येते. म्हणून ताईसाठी मी एक साधा श्लोक जुळवून दिला. त्याला कसलं माहात्म्य नाही, तो फक्त जिभेच्या व्यायामासाठी आहे:

प्रातर्नद्यास्तटे स्थित्वा सूर्यं पश्यति बालकः ।
शान्तं मनः समाधाय नमति श्रद्धया पुनः ॥

अर्थ सोपा आहे. सकाळी नदीच्या काठावर उभा राहून मुलगा सूर्याकडे बघतो. मन शांत, स्थिर करून श्रद्धेने पुन्हा नमस्कार करतो.

हा अनुष्टुभ् छंद. गीतेतले बहुतेक श्लोक आणि रोजच्या स्तोत्रांतला मोठा भाग याच छंदात आहे. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं. इथे अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याच्या आधीची व्यंजनं. म्हणजे "स्थि" हे एक अक्षर, "त्वा" हे एक.

आता उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवा आणि दुसरा चरण मोजा: सू, र्यं, प, श्य, ति, बा, ल, कः. आठ भरले. चौथा मोजा: न, म, ति, श्र, द्ध, या, पु, नः. हेही आठ.

ताईने पहिल्या दिवशी चौथा चरण म्हटला तेव्हा सातच भरले. तिने पुन्हा म्हटला, पुन्हा सात. कारण ती "नमति" म्हणत नव्हती, "नम्ति" म्हणत होती.

पहिली खोड: अ गिळणे

मराठीत आपण "करतो" लिहितो आणि "कर्तो" म्हणतो. "राम" लिहितो आणि "राम्" म्हणतो. शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधला अ आपण गिळतो. मराठीत ते बरोबरच आहे. संस्कृतात मात्र लिहिलेला प्रत्येक अ उच्चारायचा. अ नको असेल तिथे पाय मोडून दाखवतात, जसं "जगत्".

आमच्या सरावाच्या श्लोकात तीन जागी हा धोका आहे. "नमति"चं "नम्ति", "बालकः"चं "बाल्कः" आणि "समाधाय"चं "समाधाय्". तिन्ही ठिकाणी आठाचे सात होतात, आणि बोटं ते लगेच दाखवतात. चुकतंय हे कळायला दुसरं कुणी लागत नाही.

इथे मंद्रूपचा फायदा झाला. कन्नडमध्ये शेवटचा स्वर गिळत नाहीत. मराठी माणूस "बसव्" म्हणतो, आणि कन्नड आज्जी "बसव" म्हणते तेव्हा शेवटचा व पूर्ण ऐकू येतो. ताईला मी एवढंच सांगितलं, की संस्कृतातला अ तुझ्या आज्जीसारखा म्हण. आठवड्यात काम झालं. उलट, बोली कन्नडमध्ये ख, घ, ध, भ यांतला हकार मऊ पडतो, त्यामुळे "श्रद्धया"चं "श्रद्दया" व्हायला वेळ लागत नाही. तिथे मराठी कामाला येते. "धडा" आणि "डोळा धरला" म्हणताना जो ध निघतो, तोच इथे हवा.

ज्यांच्या घरी कन्नड नाही त्यांनी शेवटचा अ लांबवून "रामा" करू नये. तो अ ऱ्हस्वच असतो, एका मात्रेचा. आणि अगदी हलका, पण असतो.

दुसरी खोड: ऱ्हस्वाचं दीर्घ

ही खोड आपल्याला शुद्धलेखनाने लावली आहे. मराठीच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे: कवी, गुरू, बुद्धी. संस्कृतात हेच शब्द कवि, गुरु, बुद्धि असे ऱ्हस्व आहेत. मराठीत ठीक, पण संस्कृतात "कवी" म्हणजे दोन कवी आणि "गुरू" म्हणजे दोन गुरू. ते द्विवचन होतं. एक मात्रा वाढली आणि माणूस वाढला.

श्लोकातलं "पश्यति" आपण सहज "पश्यती" म्हणतो. इथे बोटांवरची संख्या आठच राहते, त्यामुळे पहिली कसोटी ही चूक पकडत नाही. तिला दुसरी कसोटी हवी, ती म्हणजे लघु आणि गुरु.

ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ स्वराचं अक्षर गुरु, दोन मात्रा. अक्षरावर अनुस्वार किंवा विसर्ग असला, किंवा त्याच्या पुढे जोडाक्षर आलं, तर ऱ्हस्व असूनही ते गुरु होतं. अनुष्टुभात दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचं पाचवं अक्षर लघु, सहावं गुरु, सातवं लघु, असा नियम आहे. आता "सूर्यं पश्यति बालकः" बघा. पाचवं ति, सहावं बा, सातवं ल. म्हणजे लघु, गुरु, लघु. "पश्यती" म्हटलं की पाचवं गुरु होतं आणि चरण तिथे अडखळतो. दोनतीनदा टाळी वाजवून म्हटलंत की कानालाच टोचेल.

आता तोच ति चौथ्या चरणात बघा: "नमति श्रद्धया". इथे ति ऱ्हस्वच आहे, पण पुढे श्र हे जोडाक्षर आल्यामुळे गुरु मोजला जातो. इथे मराठी माणूस दोन मात्रा भरायला "नमती" म्हणतो. तसं करायचं नाही. स्वर तोकडाच ठेवायचा आणि ति वर किंचित जोर द्यायचा. मराठीत "पत्र" म्हणताना प वर जसा आघात येतो तसाच. ताईला हे एक वाक्य पटायला दोन रविवार लागले, पण पटल्यावर तिच्या वाचनात सगळ्यात मोठा फरक इथूनच पडला.

विषम चरणांत, म्हणजे पहिल्या-तिसऱ्यात, पाचवं लघु आणि सहावं-सातवं गुरु ही नेहमीची रीत. पण तिथे कवींनी सूट घेतलेली सापडते. त्यामुळे पारख करायची ती सम चरणांवर.

तिसरी खोड: टिंब आणि दोन टिंबं

अनुस्वार हे एकच चिन्ह असलं तरी पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचा उच्चार बदलतो. "गंगा"त तो ङ्, "पंच"मध्ये ञ्, "कंठ"मध्ये ण्, "संत"मध्ये न्, "संप"मध्ये म्. हे मराठीतही आपण न कळत करतो. दोन शब्दांच्या मध्येही तेच करायचं: "सूर्यं पश्यति" मध्ये ओठ मिटतात आणि "सूर्यम्पश्यति" असं ऐकू येतं. चरणाच्या अगदी शेवटी अनुस्वार असेल तर ओठ मिटून म् म्हणायचा. नाकातल्या नाकात सोडून द्यायचा नाही.

विसर्गाचं मराठीत फार झालं नाही. "दुःख"चं आपण "दुक्ख" केलं आणि बाकी शब्दांतला विसर्ग लिहिण्यापुरता उरला. संस्कृतात तो श्वासाचा उच्चार आहे. चरणाच्या शेवटी आला की आधीच्या स्वराचा हलका पडसाद घेऊन म्हणतात. "बालकः" चा शेवट "कह" सारखा, "हरिः"चा "रिहि" सारखा, "गुरुः"चा "रुहु" सारखा. पण हा ह अर्ध्या श्वासाचा. नवं अक्षर मोजावं इतका मोठा झाला, तर बोटांवर नऊ भरतील.

मधल्या विसर्गाला पुढचं अक्षर सांभाळून घेतं. "मनः समाधाय" हे "मनस्समाधाय" असंही म्हणता येतं, आणि तेही शास्त्राला मान्य आहे. "नद्यास्तटे" मध्ये तर बदल छापूनच दिलाय. मूळ शब्द "नद्याः" आणि "तटे", त पुढे आला म्हणून विसर्गाचा स् झाला. "प्रातर्नद्याः" मध्ये "प्रातः"चा र् झाला. म्हणून पदच्छेदाचं पुस्तक शेजारी हवं असं मी म्हणालो. सुटे शब्द दिसले की संधीची भीती जाते.

याच चिन्हांच्या घरातलं आणखी एक, ऽ. मराठीत "रेऽऽ" लिहिलं की आपण सूर लांबवतो. संस्कृतात हा अवग्रह म्हणजे "इथे एक अ होता, तो गेला" एवढीच खूण. त्याला स्वतःचा उच्चार नाही. "सोऽहम्" म्हणजे "सः अहम्". म्हणताना सो आणि हम्, दोनच अक्षरं.

चौथी खोड: मराठीचा च

मराठीत च दोन आहेत. "चमचा"तला दातांजवळचा आणि "चित्र"मधला टाळूचा. ज आणि झ यांचंही तसंच. संस्कृतात फक्त टाळूचा. गंमत अशी, की संस्कृतात "आणि" या अर्थाचा शब्द नुसता "च" आहे, तो श्लोकाश्लोकात येतो, आणि आपण तो "मीच, तूच" मधल्यासारखा म्हणतो. "चित्र" म्हणा, त्यातला च तसाच धरा, मागची इ काढून अ लावा. तो तुमचा संस्कृत च.

पोथीतच चूक असेल तर?

आप्पांची पोथी बघताना हा प्रश्न आलाच. स्वस्तातल्या स्तोत्रांच्या पुस्तिकांत विसर्ग गळलेला असतो, ति चा ती झालेला असतो, ओळ पुरेना म्हणून शब्द भलत्या जागी तोडलेला असतो. ताईने एका स्तोत्राचे चरण मोजले तर एका ठिकाणी सातच अक्षरं. आधी तिला वाटलं आपणच अ गिळतोय. मग दुसऱ्या प्रकाशनाची प्रत आणून शेजारी ठेवली, तर तिथे एक जोडाक्षर जास्त आणि अक्षरं आठ. म्हणजे चूक छपाईची होती. आप्पा तिथे नेहमी जरासे थांबायचे, असं तिला तेव्हा आठवलं. छापलेलं सात असूनही त्यांनी थांबून छंद सांभाळला होता.

म्हणून नियम असा. चरण मोजताना कमी-जास्त आलं तर आधी स्वतःचं वाचन तपासा, मग दुसरी प्रत बघा, आणि दोन्ही प्रती सारख्या निघाल्या तर छंद वेगळा आहे का ते बघा. सगळी स्तोत्रं अनुष्टुभात नसतात. अकरा, चौदा, एकोणीस अक्षरांचे चरणही असतात. एकाच चरणावरून ठरवू नका, सलग चार-पाच श्लोक मोजा.

कुठे थांबायचं

दोन ठिकाणी पुस्तकाची हद्द संपते.

एक, ज्ञ आणि ऋ. ज्ञ हे ज् आणि ञ यांचं जोडाक्षर. मराठी माणूस त्याचं "द्न्य" करतो, हिंदी माणूस "ग्य". ऋ चं आपण "रु" करतो, उत्तरेत "रि". पुस्तकं मूळ स्थान सांगतात, पण चांगल्या चांगल्या परंपरांतही आज प्रदेशागणिक फरक आहे. इथे ज्यांच्याकडून ऐकून शिकताय त्यांचं एकच वळण धरा आणि दुसऱ्याशी वाद घालू नका. फक्त एक सांभाळा. ऋ हा स्वर आहे, म्हणून "सुकृत" मधलं कृ हे जोडाक्षर नाही आणि आधीचं सु लघुच राहतं. "सुक्रुत" म्हटलं की सु गुरु होतं आणि छंद बिघडतो.

दोन, वैदिक मंत्र. स्तोत्रं आणि गीता या रीतीने घरी शिकता येतात. पण रुद्र, सूक्तं यांत उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर आहेत. अक्षरांच्या वर-खाली रेघा दिसतात त्या याच. त्या रेघा वाचून तो स्वर गळ्यात येत नाही. तिथे समोर बसवून सांगणारा गुरूच हवा.

'पाणिनीय शिक्षा' नावाचा उच्चारावरचा एक छोटा जुना ग्रंथ आहे. त्यात वाईट वाचणाऱ्याची सहा लक्षणं सांगितली आहेत. गात सुटणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, नुसतं लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि आवाज दाबून म्हणणारा. यात जिभेचं वय कुठेच नाही, घराणंही नाही. आमच्याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे. त्यातल्या मराठी ओळीचा भाव असा, की जो हे वाचेल तो विजयी होईल. तिथेही वाचणारा कोण, कुठला, ही अट घातलेली नाही. ताईला घरून जे ऐकावं लागलं, त्याला मी एवढंच उत्तर दिलं.

पहिले आठ आठवडे

आता हे सगळं एका क्रमात बसवू. रोज वीस मिनिटं पुरतात.

पहिले दोन आठवडे नवीन स्तोत्र उघडू नका. वरचा सरावाचा श्लोक घ्या, चाल न लावता बोलल्यासारखा म्हणा, बोटांवर आठ मोजा. सोबत 'स्वयं-शिक्षक'चा रोज अर्धा धडा. वाक्य मोठ्याने वाचायचं, प्रत्येक अ उच्चारायचा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेन्सिल घ्या. तुमच्या आवडीच्या स्तोत्राचा रोज एकच श्लोक वहीत उतरवा, प्रत्येक अक्षरावर लघु किंवा गुरु खूण करा, सम चरणाचं पाचवं-सहावं-सातवं अक्षर तपासा. मग मोबाईलवर स्वतःचा आवाज मुद्रित करा आणि वहीकडे बघत ऐका. म्हणताना न ऐकू आलेलं "नम्ति" ऐकताना लगेच कळतं.

पाचव्या आठवड्यापासून जाणकाराच्या मुद्रित पाठाशी ताडून बघा. संगीतबद्ध गाणं यासाठी घेऊ नका, कारण गायक तालासाठी स्वर ओढतो आणि ऱ्हस्व-दीर्घ झाकलं जातं. साधा, संथ पाठ शोधा. पदच्छेदाचं पुस्तक उघडून शब्द कुठे तुटतो ते वहीत उभ्या रेघेने दाखवा, आणि श्वास फक्त त्या रेघेवर किंवा चरणाच्या शेवटी घ्या.

आठव्या आठवड्याच्या शेवटी साधारण दहाएक श्लोक असे तयार होतात. ताईचे अकरा झाले. पूर्ण स्तोत्र अजून बाकी आहे, आणि तिच्या "श्रद्धया"तला ध दमल्यावर अजून मऊ पडतो. पण कुठला ध पडला, हे आता मी सांगायच्या आधी तिलाच कळतं, आणि ती तो चरण परत घेते.

आज संध्याकाळी तुमच्या रोजच्या स्तोत्राचा पहिला श्लोक घ्या. चाल बाजूला ठेवा आणि दुसरा चरण मोजा. सात भरले तर कुठला अ गिळला तो शोधा, तेवढंच आजचं काम.

राम कृष्ण हरी.